मुलाखतकार आलाच नाही, त्यानंतरचं पत्र

ऑफर हातात आल्यावर पगाराबद्दल कसं लिहायचं, हे या आठवड्यात घेणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो आहे. मुलाखतीनंतरच्या आभाराच्या मेलवरचा गेला लेख वाचून एका वाचक मुलीने विचारलंय, 'मुलाखत घेणारा आलाच नाही तर आभार कसले मानायचे? मी लिंकवर पाऊण तास बसून होते. आता लिहू का? लिहिलं तर तक्रार वाटेल, नाही लिहिलं तर मीच आले नाही असं धरतील.' शेवटच्या वाक्यात तिने सगळी अडचण नेमकी पकडली आहे, आणि तिची भीती उगाचची नाही हेही पुढे दिसेल. तेव्हा पगार एक आठवडा थांबू शकतो.

या प्रसंगावर सहसा मिळणारा सल्ला म्हणजे 'राग गिळा आणि गोड लिहा'. मला तो पटत नाही. गिळलेला राग मेलच्या कुठल्या तरी वाक्यातून डोकावतोच, आणि गोड लिहिण्याच्या नादात नेमकं काय घडलं तेच मेलमधून गळून जातं. आरोप टाळायचं खरं कारण सभ्यतेपेक्षा जास्त रोखठोक आहे. त्या घटकेला आपल्याला निम्मीच हकिकत ठाऊक असते. अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत आपण अमुक लिंकवर होतो, एवढंच आपण छातीठोकपणे सांगू शकतो. 'ते आले नाहीत' हा आपण काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो चुकीचा निघण्याचे मार्ग वाटतात त्याहून पुष्कळ आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की, जे माहीत आहे ते सगळं लिहावं आणि जे माहीत नाही त्याबद्दल एक अक्षरही लिहू नये. हा एक नियम पाळला तर सुराची वेगळी काळजी करावी लागत नाही, कारण आरोप नेहमी न माहीत असलेल्या भागातूनच येतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटेल, म्हणून एक प्रसंग तपशिलात मांडून बघू. पुण्यातली एक उमेदवार आहे, कंपनीचा रिक्रूटर बेंगळुरूत बसतो आणि तांत्रिक फेरी घेणारा माणूस लंडनमध्ये. मार्च 2025चा शेवटचा आठवडा. मंगळवारी, 25 तारखेला, रिक्रूटर फोनवर विचारतो, 'पुढच्या बुधवारी, 2 एप्रिलला जमेल का?' मुलाखतकाराने सकाळी दहाची वेळ दिली आहे. रिक्रूटर त्या दिवशीचा फरक बघतो, साडेपाच तास, आणि सांगतो, 'दुपारी साडेतीन.' तोच आकडा तो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि सोबत लिंक देतो. मधल्या रविवारी, 30 मार्चला, ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे जातात. आपल्याकडची घड्याळं कधीच हलत नाहीत, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. फरक आता साडेचार तासांवर आला आहे. लंडनचे दहा म्हणजे आपल्याकडचे अडीच. मुलाखतकाराच्या कॅलेंडरमध्ये दहाच लिहिलेत, तो दहाला हजर होतो, वीस मिनिटं थांबतो आणि 'उमेदवार आली नाही' अशी नोंद करून कामाला लागतो. साडेतीनला उमेदवार त्याच लिंकवर जाते. चार वाजेपर्यंत समोर कुणी येत नाही.

आता दोघंही खरं बोलताहेत, दोघंही वेळेवर आहेत, आणि दोघांनाही दुसरा बेफिकीर वाटतो आहे. अशा वेळी उमेदवाराने 'मी अर्धा दिवस रजा काढून अर्धा तास वाट पाहिली, पण आपल्याकडून कुणीही आलं नाही' असं लिहिलं तर काय होईल? रिक्रूटरच्या टेबलावर आधीच मुलाखतकाराची उलटी नोंद पडलेली आहे. त्याला वाटेल, ही मुलगी आली नाही ती नाहीच, वर आमच्यावरच उलटते आहे. याउलट 'मी भारतीय वेळेनुसार दुपारी 3.30 ते 4 या लिंकवर होते' एवढंच वाक्य गेलं तर 3.30 हा आकडा वाचताक्षणी घोळ कुठे झाला ते त्याला कळेल. आधीच्या वाक्यात राग आहे आणि आकडा नाही. दुसऱ्यात राग नाही, पण खुलासा व्हायला लागणारी प्रत्येक गोष्ट आहे. घड्याळांचा हा खेळ दरवर्षी दोनदा होतो. युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळ बदलतो, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. या रविवारांच्या पुढेमागे परदेशातल्या माणसाशी मुलाखत ठरली असेल तर फोनवर ऐकलेल्या वेळेपेक्षा कॅलेंडरच्या आमंत्रणातली वेळ खरी धरावी. आमंत्रण आलंच नसेल तर ते मागून घ्यावं.

यावर कुणी म्हणेल, आमच्या मुलाखती काही लंडनशी होत नाहीत. समोरचा माणूस हिंजवडीत बसलेला असतो, आणि आमच्याइतकंच घड्याळ त्यालाही दिसतं. कबूल. पण घड्याळ एक असलं तरी दरवाजे अनेक असतात. पडद्यावर नेमका काय मजकूर होता हे मी इतकं खोदून विचारतो त्याचं कारण तेच. झूमवर 'यजमानाने मीटिंग सुरू करण्याची वाट पाहत आहोत' असा मजकूर असेल तर आत कुणीच आलेलं नाही. 'यजमान आले आहेत, तुम्ही इथे असल्याचं त्यांना कळवलं आहे' असा मजकूर असेल तर मीटिंग चालू आहे आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत आहात. आधीच्या उमेदवाराची मुलाखत लांबली असेल, किंवा मुलाखतकार दुसऱ्या खिडकीत काही वाचत बसला असेल आणि कोपऱ्यातली सूचना त्याला दिसली नसेल. गूगल मीटवर आणखी एक भानगड होते. आमंत्रण तुमच्या एका मेल-पत्त्यावर आलेलं असतं आणि ब्राउझरमध्ये तुम्ही दुसऱ्याच खात्याने शिरलेले असता. मग मीट तुम्हाला पाहुणा समजतं, तुम्ही आत येण्याची परवानगी मागता, आणि आत कुणी नसेल किंवा असलेल्याचं लक्ष नसेल तर ती मागणी हवेत विरते. शिवाय मुलाखतकार ऐनवेळी बदलला, नव्या माणसाने नवी मीटिंग बनवली, नव्या लिंकचा मेल आला, पण उमेदवार मात्र व्हॉट्सॲपवरची जुनी लिंक उघडून बसली, हा प्रकारही नेहमीचा. यातल्या कुठल्याच प्रसंगात कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो.

माणूस खरोखरच विसरला किंवा त्याने टाळलं, असंही घडतं. ते मी नाकारत नाही. मुलाखत घेणारे बहुतेक लोक मुलाखती घेण्यासाठी नेमलेले नसतात. ते इंजिनिअर किंवा मॅनेजर असतात, आणि दिवसाच्या कामात हा पाऊण तास घुसवलेला असतो. चालू यंत्रणा बंद पडली की तो पाऊण तास पहिला उडतो. पण हे कारण आणि आधीची कारणं बाहेरून अगदी सारखी दिसतात, आणि मुद्दा तिथेच आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली एका मानवी खोडीला नाव दिलं. दुसऱ्याचं वागणं समजून घेताना आपण त्याच्या स्वभावाला जास्त वजन देतो आणि त्याच्या परिस्थितीला कमी. रिकाम्या पडद्याकडे बघत बसलेल्या माणसावर ही खोडी जोरात चालते, कारण समोरच्याची परिस्थिती त्याला दिसतच नसते. दिसतो तो फक्त स्वतःचा वाया गेलेला वेळ.

दुसरा पुरावा मेलबद्दलचा आहे आणि तो मला जास्त कामाचा वाटतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायची होती, कधी आवाजातून, कधी मेलमधून. समोरच्याला आपला सूर साधारण 78 टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा दोन्ही बाबतींत अंदाज होता. आवाजातून तो 73 टक्के वेळा कळला. मेलमधून 56 टक्के. दोनच पर्याय असताना 56 टक्के म्हणजे नाणं उडवण्याहून किंचित बरं. आता 'मी तर अगदी साधेपणाने लिहिलं होतं' या वाक्याची किंमत काय राहते ते पाहा. 'मी अर्धा तास वाट पाहत होते' हे लिहिताना तुमच्या मनात निव्वळ माहिती असेल; वाचणाऱ्याला त्यात उसासा ऐकू येईल. म्हणून सुरावर भिस्त न ठेवता वाक्याची घडणच अशी ठेवावी की ते वाकडं वाचताच येऊ नये. 'मी 3.30 ते 4 लिंकवर होते' हे वाक्य कुठल्याही आवाजात वाचलं तरी तसंच राहतं.

यातून शब्दांची निवड बऱ्यापैकी ठरून जाते. वाक्याचा कर्ता एकतर 'मी' असावा किंवा मीटिंग. 'आपण', 'तुमची टीम', 'मुलाखतकार' हे कर्ते झाले आणि क्रियापद नकारी आलं की आरोप झालाच, मग मागेपुढे कितीही 'कृपया' लावा. आपल्याकडच्या ऑफिसच्या इंग्रजीत काही शब्द सभ्य समजून सर्रास वापरले जातात आणि ते मुळीच सभ्य नसतात. 'ॲज पर युवर इन्व्हाइट' म्हणजे तुमचंच बोलणं तुमच्यावर उलटवणं. 'काइंडली नोट' म्हणजे वरच्याने खालच्याला बजावणं. 'जेंटल रिमाइंडर' तर इतका झिजलाय की त्यातलं 'जेंटल' वाचताच माणूस सावध होतो. दुसऱ्या टोकाला 'सॉरी टू डिस्टर्ब यू' आहे. हे मला आरोपाहूनही जास्त खटकतं. तुमचा काही दोष नसताना तुम्ही माफी मागितली की वाचणारा तेवढ्यापुरता तुमचा दोष धरून चालतो, आणि झालेल्या प्रकाराची नोंद तुमच्याविरुद्ध जाते.

आता प्रत्यक्ष पत्र. पण त्याआधी त्या अर्ध्या तासात काय करायचं ते सांगायला हवं, कारण मेलमधली निम्मी माहिती तिथेच गोळा होते. पहिली पाच मिनिटं स्वतःची बाजू तपासण्यात घालवा: आमंत्रणातली वेळ, ताजा मेल, लिंक, कुठल्या खात्याने आत शिरलो. दहाव्या मिनिटाला रिक्रूटरला एक छोटा निरोप द्या, 'मी साडेतीनपासून लिंकवर आहे. लिंक बरोबर आहे ना, एवढं बघाल का? मी थांबले आहे.' हा निरोप मेलपेक्षा फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर जास्त उपयोगी, कारण तो वेळेत पोचला तर मुलाखत त्याच दिवशी होऊ शकते. कितीतरी रिकाम्या मीटिंगा या एका निरोपाने भरतात. लोक संकोचाने तो देत नाहीत आणि मग पाऊण तास मनात धुमसत बसतात. पाऊण किंवा एक तासाच्या फेरीसाठी अर्धा तास थांबणं पुरे. त्यानंतर कुणी आलं तरी धड मुलाखत होत नाही. बाहेर पडण्यापूर्वी घड्याळ दिसेल असा पडद्याचा एक फोटो घेऊन ठेवा, मात्र तो मेलला जोडू नका. पहिल्याच मेलमध्ये पुरावा जोडला की ते पत्र न राहता फिर्याद होते. 'उमेदवार आली नाही' अशी नोंद झाल्याचं कळलं, तरच तो बाहेर काढायचा.

मेल त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांत जायला हवा. इथे वाचक मुलीची भीती खरी ठरते. कंपन्यांच्या भरतीच्या प्रणालीत प्रत्येक फेरीपुढे काहीतरी शेरा लागतो. दिवसअखेर रिक्रूटर ठरलेल्या फेऱ्यांवरून नजर फिरवतो तेव्हा जिच्याबद्दल काहीच आलेलं नाही, तिच्यापुढे 'आली नाही' किंवा 'इच्छुक नाही' असं पडायला वेळ लागत नाही. तुमचं मौन तुम्हाला समजूतदारपणा वाटत असेल. तिथे ते अनुपस्थिती म्हणून वाचलं जातं. मेल ज्याने मुलाखत ठरवली त्यालाच जावा. मुलाखतकाराला लिंक्डइनवर शोधून थेट लिहू नये. शब्द कितीही मऊ असले तरी पकडला गेल्याची भावना त्याच्या मनात येते, आणि पुढे गुण देणारा तोच असतो. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर पत्र कन्सल्टन्सीलाच, तिला डावलून कंपनीला नको. आणि रिक्रूटरच्या वरिष्ठाला प्रत तर अजिबात नको.

वरच्या लंडनच्या प्रसंगातलं पत्र असं होईल. इंग्रजीत लिहाल तेव्हाही हाच क्रम ठेवा. विषय: '2 एप्रिलची तांत्रिक फेरी, नवी वेळ ठरवण्याबाबत'. मजकूर: 'नमस्कार. आज भारतीय वेळेनुसार दुपारी 3.30 ते 4 मी तांत्रिक फेरीसाठी खालील लिंकवर होते. मीटिंग सुरू होण्याची वाट पाहत असल्याचा मजकूर शेवटपर्यंत दिसत होता. वेळेत किंवा लिंकमध्ये काही बदल झाला होता का, ते कळवाल का? ही फेरी लवकर व्हावी अशी माझी इच्छा आहे. गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी 6.30 ते 8.30 मला जमेल, म्हणजे लंडनची दुपारी 2 ते 4. यातलं काही सोयीचं नसेल तर तुमच्याकडच्या वेळा कळवा.' एवढंच. शेवटी लिंक आणि आपला फोन नंबर.

या पत्रात काय काय चाललंय ते पाहण्यासारखं आहे. 'बदल झाला होता का' या प्रश्नात समोरच्याला बाहेर पडायला वाट आहे. खरंच काही बदल झाला असेल तर तो सांगेल. नसेल आणि चूक त्यांचीच असेल, तर माफी तो स्वतःहून मागेल. ती तुम्ही मागून घेतलेली नसेल, म्हणून ती पत्राच्या शेवटी एक चांगली भावना ठेवून जाईल. विषयाच्या ओळीत नवी वेळ आहे, न झालेली मुलाखत नाही, त्यामुळे मेल उघडण्याआधीच वाचणाऱ्याला कळतं की इथे त्याला उत्तर देण्याजोगं काम आहे, झाडाझडती नाही. दोन ठिकाणच्या वेळा लिहिण्याचा तर छुपा फायदा असा, की लंडनच्या वेळेचा हिशेब करायला ही मुलगी बसेल तेव्हा फरक साडेचार तासांचा झाला आहे हे तिलाच दिसेल. कदाचित मेल पाठवण्याआधीच सगळा उलगडा होईल. आणखी एक गोष्ट. हा मेल पुढे पाठवला जाणार आहे. रिक्रूटर तो जसाच्या तसा मुलाखतकाराकडे पाठवतो आणि वर एवढंच लिहितो, 'कधी जमेल?' तुम्ही मुलाखतकाराला लिहीत नसलात तरी वाचणार तोही आहे. तक्रारीचा सूर असलेला मेल रिक्रूटरला पुढे पाठवता येत नाही, त्याला स्वतः नवा लिहावा लागतो. आणि ज्याला जास्त श्रम लागतात ते काम मागे पडतं.

माणूस उशिरा आला, पण आला, तर मामला वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त नाजूक. समजा पाऊण तासाची फेरी अकराला होती आणि तो 11.25ला आला. 'सॉरी, आधीची मीटिंग लांबली.' त्या क्षणी 'हरकत नाही' म्हणून लगेच एक प्रश्न विचारावा, 'आपल्याकडे पावणेबारापर्यंत वेळ आहे की थोडं पुढे चालेल?' उशिराबद्दल एकही शब्द न काढता उरलेला वेळ दोघांसमोर येतो. वीसच मिनिटं असतील तर मुलाखतकारच ठरवेल की काय विचारायचं आणि काय सोडायचं. हे महत्त्वाचं का, तर अनेक कंपन्यांत मुलाखतकाराला नंतर एक गुणपत्रक भरायचं असतं. प्रश्न सोडवण्याची पद्धत, रचनेची जाण, संवाद, अशा रकान्यांत. वीस मिनिटांत रचनेचा भाग राहिला तर तो रकाना कोरा राहतो किंवा अंदाजाने भरला जातो, आणि भरताना तो उशीर त्याला आठवेलच असं नाही. म्हणून त्या संध्याकाळच्या मेलमध्ये उशीर लिहायचा नाही, राहिलेला भाग लिहायचा: 'आजच्या वीस मिनिटांत पेमेंट मॉड्यूलबद्दल छान बोलणं झालं. सिस्टिम डिझाइनचा भाग राहिला. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं मिळाली तर आवडेल.' 'वीस मिनिटांत' हे शब्द तिथे मुद्दाम आहेत. जे समजायचं ते रिक्रूटर त्यातून समजतो.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. उमेदवार पाच मिनिटं उशिरा आला तर 'गंभीर नाही' म्हणून त्याला बाद करतात. यांचा माणूस येतच नाही आणि आम्ही शब्द तोलत बसायचं, हा कुठला न्याय? न्याय नाहीच. कित्येकांचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असतो, मुलाखती कामाच्या वेळेत चोरून द्याव्या लागतात, कुणी पार्किंगमधल्या गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असतो. त्याच्या वाया गेलेल्या अर्ध्या तासाची किंमत मुलाखतकाराच्या अर्ध्या तासापेक्षा जास्तच आहे. पण या मेलचं काम न्याय मिळवणं नाही, मुलाखत मिळवणं आहे. न्यायाचा हिशेब करायला दुसरी जागा आहे: कंपनी प्रक्रियेबद्दल अभिप्राय मागते तेव्हा, निकाल लागल्यावर, तारखा-वेळांसकट. तिथे स्पष्ट लिहावं, कारण तेव्हा पूर्ण हकिकत कळलेली असते. आणि उमेदवाराने स्वतःसाठीही एक नोंद ठेवावी. फेरी चुकली तर ही कंपनी काय करते, तासाभरात फोन करते की तुमच्या मेलची वाट बघत बसते, यावरून तिथे काम करणं कसं असेल याचा अंदाज कुठल्याही जाहिरातीपेक्षा चांगला येतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: इतकं बिनतक्रार लिहिलं तर आपण गरजू दिसू. मला उलटं वाटतं. गरज आरोप न केल्याने दिसत नाही. ती 'मी कधीही, कितीही वाजता उपलब्ध आहे' अशा वाक्यातून दिसते. दोन नेमक्या वेळा देणारा माणूस कामात असलेला वाटतो, आणि बहुधा तो असतोही. म्हणून ज्या वेळा खरंच सोयीच्या आहेत त्याच द्या. नोकरी सांभाळून मुलाखती देणाऱ्याने ऑफिसच्या आधीची किंवा सातनंतरची वेळ द्यायला संकोच करू नये.

उत्तर आलं नाही तर दोन पूर्ण कामाचे दिवस जाऊ द्या. मेल शुक्रवारी संध्याकाळी गेला असेल तर मोजणी सोमवारपासून. मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी: 'तांत्रिक फेरीच्या नव्या वेळेबद्दल विचारत होते. पुढच्या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मला जमेल.' जुना मेल खाली असतोच, त्यामुळे काहीही पुन्हा उगाळावं लागत नाही. त्यानंतर आठवडाभराने शेवटचा: 'या पदाची प्रक्रिया थांबली असेल तर तसं कळवलं तरी चालेल. पुढे कधी योग आला तर बोलायला आवडेल.' तिसऱ्यानंतर लिहू नये. आणि ठरवून दिलेली दुसरी वेळही कुणी न येता गेली, तर तिसरी वेळ द्यायची की नाही हा निर्णय तुमचा आहे. माझं मत विचाराल तर, दुसऱ्यांदा त्यांच्याकडून स्वतःहून फोन आला तरच द्यावी. नाहीतर एका ओळीत अर्ज मागे घ्यावा, कारण न देता. एकदा रिकामी गेलेली मीटिंग घोळ असू शकते. दोनदा गेली आणि कुणी चौकशीही केली नाही, तर आता तुम्हाला उरलेली हकिकतही कळली आहे.

एक सावधगिरी जाता जाता. मुलाखतकार आला नाही आणि नंतर कुणीतरी कंपनीच्या पत्त्याऐवजी साध्या जीमेलवरून लिहून टेलिग्रामवर यायला किंवा 'नोंदणी शुल्क' भरायला सांगितलं, तर वरचं काहीच लागू नाही. त्याला उत्तर देऊ नये.

ज्या मुलीच्या पत्रावरून हा लेख झाला तिने आपली वेळ, लिंक आणि पडद्यावरचा मजकूर कळवलेला नाही. ते कळवावं, आणि मुलाखतीची तारीख उलटून दोन दिवसांपेक्षा जास्त झाले नसतील तर आजच मेल टाकावा. जास्त झाले असतील तरी टाकावा, फक्त पहिल्या ओळीत तारीख घालून. पुढच्या आठवड्यात नक्की पगार. आपल्या हातातलं ऑफर लेटर काढून त्यातला 'व्हेरिएबल पे'चा परिच्छेद तेवढा वाचून ठेवा, सुरुवात तिथून करणार आहे.